छोट्याच्या फोटोची कड

कात्रीताईच्या हातात खरी कात्री मी एकदाही पाहिली नाही. तिच्या हातात असायचा तो माऊस, तोही जुना, डावं बटण झिजून गुळगुळीत झालेला. पण फोटोतला माणूस त्याच्या मागच्या पसाऱ्यातून अलगद कापून काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून तिचं नाव कात्रीताई पडलं. ते मालकांनी ठेवलं. त्या माणसाला एवढी एकच गोष्ट धड जमली असं माझं प्रामाणिक मत आहे.

आमचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दिवसभर रबराचा वास आणि खालून हवा भरायच्या मशीनची फुसफुस. मालक पूर्वी लग्नांचे व्हिडिओ काढायचे, मग त्यांनी गावच्या बातम्यांचं चॅनल काढलं. पाणी कधी येणार, अपघात कुठे झाला, कुणाच्या घरी चोरी झाली, कोण हरवलं, अशा बातम्या. बातमीला आवाज माझा. आणि व्हिडिओ उघडायच्या आधी मोबाईलवर जे अंगठ्याएवढं चित्र दिसतं, ज्याला सगळं जग थंबनेल म्हणतं, ते कात्रीताईचं.

लोकांना वाटतं बातमी महत्त्वाची. मलाही आधी तसंच वाटायचं. घसा खरवडून मी वाचत होते ना! पण ते अंगठ्याएवढं चित्र बघून माणसानं बोट लावलं नाही, तर माझा आवाज गेला वाऱ्यावर. ताई येण्याआधी ही चित्रं मालक स्वतः बनवायचे. एका चित्रात पाच माणसं, तीन लाल बाण, एक गोल, मागे जळती गाडी, आणि खाली-वर मिळून वाक्यच्या वाक्य लिहिलेलं. मोठ्या पडद्यावर ते लग्नाच्या पंगतीसारखं भरगच्च दिसे आणि मोबाईलवर नुसता चिखल. ‘लोकांना रसच उरला नाही’ असं म्हणत मालक कपाळाला हात लावायचे. नाचता येईना, अंगण वाकडं!

ताई आली आणि तिनं पहिल्याच दिवशी सगळं पुसून टाकलं. एक माणूस ठेवायचा, एक रंग ठेवायचा, शब्द ठेवायचे तर दोन, नाहीतर तीन, आणि तेही उजव्या खालच्या कोपऱ्यात नाहीत, कारण तिथे व्हिडिओची लांबी दाखवणारे आकडे बसतात. माणूस कापून काढायचा, मागे एकच ठसठशीत सपाट रंग भरायचा आणि माणसाच्या कडेनं बाहेरून उजेड सोडायचा. तिच्या कामातलं निम्मं शहाणपण त्या उजेडात होतं. मी एकदा विचारलं, की हा देव्हाऱ्यातल्यासारखा उजेड कशाला? तर तिनं मला ओढून शेजारी बसवलं.

“हे बघ. केस काळे, शर्ट काळपट, आणि मागे मी गडद रंग ठेवला. आता लहान करते. कुठे गेला माणूस?”

माणूस खरंच गेला होता. डोकं आणि मागचा रंग एकमेकांत मुरले होते.

“आता कडेला पांढरा उजेड देते. दिसला?”

दिसला. जणू कुणी मागून दिवा धरला.

“पण इथेही गंमत आहे. उजेड पसरट दिला तर मोठ्या पडद्यावर छान दिसतो, लहान केला की धुकं. अगदी बारीक दिला तर लहान झाल्यावर उरतच नाही. इथे बोटभर जाड वाटली पाहिजे कड, तेव्हा तिथे केसाएवढी उरते. आणि मागचा रंगच फिका असला तर पांढरा उजेड दिसणार कुणाला? दुधात दूध. तिथे कड काळी करायची.”

मग ती चित्र अंगठ्याएवढं करायची आणि उठून दारापर्यंत चालत जायची. तिथून डोळे बारीक करून बघायची. तेवढ्या अंतरावरून चेहरा ओळखू आला तर पास, नाहीतर परत बसायची. रंग काढून नुसतं काळं-पांढरं करूनही बघायची. त्यातही माणूस सुटा दिसला तरच तिचं समाधान व्हायचं. मालक घाई करायचे, ती नाकावर माशी बसू द्यायची नाही. “घाई असेल तर तुमचे बाण लावा,” म्हणायची. मालक गप्प बसायचे, कारण चॅनल तिच्यामुळे चालतंय हे त्या बाणबहाद्दरालाही कळत होतं.

स्वभावानं ताई तिखट. पन्नाशीला आलेली, लग्न नाही, घरी म्हातारी आई आणि धाकटा भाऊ. भावाला सगळे छोट्या म्हणायचे. हा छोट्या चाळीस ओलांडलेला, अंगानं भरदार, पण लहानपणीच्या तापानं बोलणं जवळपास गेलेलं आणि अधूनमधून फिट यायची. त्याला आपलं नाव सांगता येत नव्हतं, पत्ता तर लांबच. सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या चुकल्या नाहीत तर फिट येत नसे. त्या गोळ्या ताई स्वतःच्या हातानं त्याच्या जिभेवर ठेवायची. अधूनमधून तो ऑफिसात यायचा, खुर्चीवर बसून पडद्यावर माणसं कापली जाताना बघायचा आणि माणूस पूर्ण सुटला की टाळी वाजवायचा. मला तो फार आवडायचा. आमच्या चॅनलला मनापासून दाद देणारा तेवढा एकच प्रेक्षक होता.

तो छोट्या एका सकाळी घरातून निघून गेला. आई अंघोळीला गेली होती, ताई ऑफिसला निघाली होती, दाराची कडी कुणी लावायची यात गोंधळ झाला. दुपारपर्यंत शेजारपाजारचे रस्ते, बाजार, दवाखाना, सगळं पालथं घालून झालं. पोलिसांत नोंद झाली. संध्याकाळची गोळी चुकणार हे दिसायला लागलं, तशी ताई आईला घेऊन ऑफिसात आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण डोकं जागेवर होतं.

“व्हिडिओ करू,” ती म्हणाली. “आत्ता. तू वाच, मी थंबनेल करते.”

फोटो एकच धड होता. घरातलाच, लाकडी कपाटापुढे काढलेला. कपाट काळपट तपकिरी, छोट्याचा शर्ट गडद हिरवा, जो घालून तो त्या सकाळी निघून गेला तोच, केस काळे. शेजारी खुर्चीवर आई बसलेली आणि तिचा हात त्याच्या दंडावर. छोट्या कॅमेऱ्याकडे बघून हसत होता. मागे कपाटावर डबे, एक घड्याळ, भिंतीवरचं कॅलेंडर. घरातला फोटो असतो तसाच होता तो, पण थंबनेलच्या दृष्टीनं त्यात सगळंच वाईट होतं.

ताईनं कापायला घेतलं. आई तिच्या मागे उभी होती, मी माझ्या टेबलावर बातमी लिहीत होते. मग ताईनं कपाट उडवलं, घड्याळ उडवलं, मागे सपाट निळा रंग भरला आणि कडेला पांढरा उजेड सोडला. मी मान वर करून बघितलं. छोट्या असा सुटा झाला होता की खालच्या टायरवाल्यालाही जिन्यातून ओळखू आला असता.

आणि आई किंचाळली.

“काढ! काढ तो! अगं, गेलेल्याचा फोटो आहे हा!”

“आई, असं काही नसतं…”

“मला शिकवू नकोस! रोज बघते मी तुमचं. गाडीखाली गेला तो असाच लावलात, विहिरीत पडली ती पोर अशीच लावलीत. असा एकटा, मागे काही नाही, भोवती उजेड. जिवंत माणसाला असं कुणी लावतं का? माझा पोरगा गेला नाहीये. तो घरात आहे, माझ्याजवळ आहे, तसाच दाखव.”

म्हातारी खोटं बोलत नव्हती. आमच्याकडे मेलेले लोक असेच लागत होते. जिवंतही असेच लागायचे, चोरही आणि पुढारीही. पण मेलेले लोक जास्त लक्षात राहतात. ताईनं आपल्याच हातानं सगळ्या गावाला ही सवय लावली होती, आणि तिच्या आईलाही.

“आई, असं ठेवलं तरच दिसेल,” ताई म्हणाली.

“माझा हातसुद्धा कापलास तू त्याच्यावरचा.”

हे आई हळू म्हणाली. ताई पडद्याकडे बघत राहिली. निळ्या रंगावर छोट्या हसत होता आणि त्याच्या दंडावर, जिथे आईची बोटं होती, तिथे बाही चेपलेली दिसत होती. ती चेपलेली जागा बघून ताईचा चेहरा वाकडा झाला. मला वाटतं, तोवर आपण परक्याच्या भावाला कापतोय असं तिनं स्वतःला पटवलं होतं, आणि त्या एका सुरकुतीनं सगळं मोडलं.

तिनं एकेक पायरी मागे घेतली. उजेड गेला, निळा गेला, कपाट आलं, घड्याळ आलं, आईचा हात आला. तिनं फोटोचा उजेड थोडा वाढवला. त्यानं छोट्याबरोबर कपाटही तेवढंच उजळलं. म्हणजे फरक शून्य. कडेचा उजेड पुन्हा लावायला गेली तर तो लागेना, कारण माणूस सुटा कापल्याशिवाय त्याला कडच नसते. उजेड धरणार कशाला? हे तिला शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ होतं. तरी तिनं दोनदा करून बघितलं.

मी तिच्या खुर्चीमागे जाऊन म्हणाले, “ताई, दिसत नाहीये गं.”

“माहीत आहे.”

“मालकांना विचारू का?”

मालक दारात उभेच होते. त्यांनी तोंड उघडलं, बहुधा बाण म्हणणार होते. ताईनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ते मिटलं. एरवी उंटावरून शेळ्या हाकणारा हा माणूस. पण हरवलेला भाऊ जिचा, तिला रंग कोण शिकवणार? त्या दिवशी ताई उठून दारापर्यंत चालत गेली नाही. चित्र लहान करूनही पाहिलं नाही. तिनं ते तसंच चॅनलवर चढवून दिलं आणि आईला घेऊन घरी गेली.

पुढचे दोन दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. व्हिडिओ कुणी उघडतच नव्हतं. माझ्या मोबाईलवर आमच्या चॅनलची यादी उघडून मी स्वतः बघितलं: वर भाज्यांच्या भावाचा व्हिडिओ, पिवळ्यावर एक मोठा टोमॅटो, खाली कुणाचं भांडण, लालवर एक चिडलेला चेहरा, आणि मधे एक तपकिरी चौकोन. त्यात माणसं आहेत हे मला माहीत होतं म्हणून दिसली. टोमॅटोला लोक उघडत होते. मला त्या टोमॅटोचा असा संताप आला की सांगायची सोय नाही.

ताई दिवसा रस्ते शोधायची. रेल्वेचे फलाट, बाजार, धर्मशाळा, दवाखाने. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक जुना बसथांबा आहे, तिथल्या गाड्या आता दुसरीकडून सुटतात; छोट्या एवढा लांब चालत जाईल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. संध्याकाळी ती ऑफिसात यायची, यादी उघडून बघायची आणि बंद करायची. गोळ्यांची पट्टी तिच्या पर्समध्ये असायची. फिट कधी येईल, कुठे येईल, पडला तर डोकं कशावर आपटेल, हे सगळं ती मोठ्यानं बोलायची. मी दोनदा म्हणाले, ताई, बदल ना तो फोटो. ती म्हणायची, “आई जेवत नाहीये. आत्ता तसा फोटो लावला तर ती जिवंत राहायची नाही.” एकीकडे आड, दुसरीकडे विहीर.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच आली. आईला शेजारणीकडे बसवून आली होती. थेट खुर्चीत बसली आणि कापायला घेतलं.

मी तिला शेकडो माणसं कापताना पाहिलं होतं, पण असं नाही. एरवी तिचा हात झरझर चालायचा. त्या दिवशी ती कानाच्या पाळीपाशी थांबली, मानेपाशी थांबली. केस एकेक करून सोडवले. मग दंडापाशी आली. आईची चार बोटं एकेक करून काढली आणि त्याच बाहीवरचं कापड उचलून चेपलेल्या जागेवर भरलं, की खालची सुरकुती दिसू नये. मागे तोच निळा भरला. गव्हाळ चेहरा निळ्यावर उठून येतो आणि गडद शर्ट-केसांची काळजी कडेचा उजेड घेतो, हे तिला आता नव्यानं शोधायचं नव्हतंच. शब्द दोनच: ‘याला पाहिलंत?’ तेही डावीकडे वर. मग तिनं चित्र अंगठ्याएवढं केलं, उठली, दारापर्यंत चालत गेली आणि वळून बघितलं.

“दिसतो,” ती म्हणाली. आणि दाराच्या चौकटीला धरून ओक्साबोक्शी रडायला लागली. मी उठले, पण तिनं हातानंच मला ‘बस’ अशी खूण केली. रडत रडतच येऊन तिनं चित्र चढवलं.

त्यानंतर टायरच्या दुकानातला फोन, मालकांचा फोन, माझा फोन, सगळे वाजायला लागले. लोक एकमेकांना पाठवत होते. कुणी म्हणालं फुलांच्या बाजारात दिसला, कुणी म्हणालं पुलावर. मालक स्वतः गाडी काढून पुलावर जाऊन आले. त्यांच्याबद्दल मी वाईट बोलते, पण त्या दिवशी तो माणूस पायाला भिंगरी लावून फिरला हे खरं आहे.

दुपारी एका बाईचा फोन आला. तो मी उचलला आणि ताईला ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला. तसं केलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

“मी जुन्या बसथांब्यावर झाडलोट करते,” बाई म्हणाली. “हा माणूस आमच्याकडे होता. हिरवा शर्ट ना? हसतो ना खूप? आमच्या बाकावर बसलेला होता. मी त्याला पाव दिला, चहा दिला. नाव विचारलं तर नुसता हसायचा.”

ताईनं फोन माझ्या हातातून ओढला. “आत्ता आहे का? बाई, आत्ता आहे का तो तिथे?”

“नाही हो. काल संध्याकाळपर्यंत होता. आज सकाळी आले तर बाक रिकामा.”

“तुम्ही… तुम्ही तीन दिवस…”

“मला काय माहीत हो तो हरवलाय! तुमचं चॅनल मी रोज बघते. जेवायला बसले की बघते. हा आत्ता दिसला, म्हटलं अगं बाई, हा तर आपला बाकावरचा! लगेच फोन केला.”

“पहिल्या दिवशीही टाकला होता,” ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता, चौकशी करावी तसा.

“तो कपाटाचा? तो दिसला होता मला. काळं काळं काहीतरी होतं, मला वाटलं फर्निचरची जाहिरात असेल. नाही उघडला. बाकावर तो माझ्यासमोरच बसला होता तेव्हा…” इथे त्या बाईला आपण काय बोललो ते कळलं असावं. ती थांबली आणि मग म्हणाली, “माफ करा हो. मोबाईल लहान आहे माझा.”

तिची काय चूक? तिनं पाव दिला होता.

आम्ही दोघी मालकांच्या गाडीतून गेलो. बाक बघितला. त्या बाईनं दाखवलं, इथे बसायचा, इथे पाणी प्यायचा. मागच्या बाजूला मोडक्या बस उभ्या होत्या. तिथे शोधत होतो तेवढ्यात मालकांना पोलिसांचा फोन आला. सकाळी थांब्यामागच्या गटाराशेजारी एक अनोळखी माणूस बेशुद्ध सापडला होता, त्याला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. एकामागून एक फिट येत होत्या, थांबल्याच नाहीत. दुपारच्या आत गेला. ताईनं चित्र चढवलं तेव्हा तो जिवंत होता की नव्हता, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही.

ओळख पटवायला ताईच आत गेली. बाहेर आली तेव्हा एवढंच म्हणाली, “शर्ट हिरवाच आहे.”

घरी आईला सांगायचं काम राहिलं. मी ताईबरोबर गेले. वाटेत माझा संताप आतून उकळत होता. मनात मी त्या म्हातारीशी भांडत होते: तुमच्या एका हट्टापायी, तुमच्या एका भीतीपायी. शेजारणीच्या दारात पोचलो तेव्हा तिनं आपला मोबाईल आईच्या हातात दिलेला होता. कुणीतरी शेजारणीला ते चित्र पाठवलं होतं. निळा रंग, भोवती उजेड, आणि त्यात एकटा छोट्या.

आईनं आमचे चेहरे बघितले आणि तिला कळलं. तिनं मोबाईल उलटा करून पलंगावर ठेवला.

“लावलास ना शेवटी,” ती ताईला म्हणाली. “सांगितलं होतं तुला. दोन दिवस तो घरातल्या फोटोत होता तोवर जिवंत होता. तू त्याला असा लावलास आणि तो गेला.”

माझ्या तोंडून “आजी, उलट…” एवढं बाहेर पडलं. ताईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची नखं रुतली. एका वाक्याचं काम होतं. बसथांब्यावरची ती बाई काय बोलली ते सांगायचं, बस. आणि मग म्हातारीला कळलं असतं की तिच्या पोराला कुणाच्या हट्टानं मारलं. ते कळून ती किती दिवस जगली असती कुणास ठाऊक.

“हो आई,” ताई म्हणाली. “ऐकायला हवं होतं तुझं. माझंच चुकलं.”

“तुझंच चुकलं.”

“हो.”

तेव्हा कुठे म्हातारी रडली. ताई तिच्याजवळ खाली बसली, तर आईनं तिला ढकललं. ती परत बसली, आईनं परत ढकललं, आणि तिसऱ्यांदा तिच्याच खांद्यात तोंड खुपसलं. मी दारात उभी होते. मला दोघींचा राग आला होता, आणि ताईसमोर मान खाली घालावीशीही वाटत होती.

ताई अजून आमच्याकडेच काम करते. अजून दारापर्यंत चालत जाऊन बघते. आई अजून आहे, ताईच्या हातचं जेवते, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते की माझ्या पोराला त्याच्या सख्ख्या बहिणीनं फोटो लावून घालवला. ताई तेव्हा समोरच असते. पाहुण्यांपुढे पाण्याचा पेला ठेवते आणि म्हणते, खरं आहे.